मदत हवी आहे: कार्डावरून परत मिळालेला लांब व्हिडिओ उघडत नाही, फोटो मात्र सगळे ठीक

मिरजकर_तारा
नमस्कार मंडळी. मिरजेत आमच्या शेजारचे काका तंबोरे करतात. एका तंबोऱ्याची जवारी लावतानाचं त्यांचं सगळं काम मी कॅमेऱ्यावर सलग घेतलं होतं, साधारण वीस मिनिटं. घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली सूत सरकवायचं, छेडून ऐकायचं, पुन्हा कानस. मधे कुठेही न थांबवता घेतलेलं हे एवढंच चित्रीकरण आहे आणि तो तंबोरा आता गिऱ्हाइकाकडे गेलाय.

भाच्याने कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर घेतले, व्हिडिओ राहिला, आणि कॅमेऱ्यातून सगळं एकदम डिलीट केलं. त्यानंतर कार्डावर काहीही घेतलेलं नाही.

रिकव्हरी सॉफ्टवेअरला फाइल सापडते. नाव `_VI_0412.MP4`, आकार 3.7 जीबी, शेजारी चांगल्या स्थितीचा हिरवा शेरा. पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही. `ffprobe` लावलं तर एवढंच:

```
moov atom not found
```

त्याच कार्डावरचे 6-6 एमबीचे फोटो त्याच सॉफ्टवेअरने ठणठणीत काढून दिले. मग या एकाच फाइलने काय घोडं मारलंय?

सचिन_विटा
सोपं आहे. फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे `moov`, गेलीय. `untrunc` नावाचं साधन आहे. त्याच कॅमेऱ्याची एखादी चांगली फाइल नमुना म्हणून द्या, ते नवी अनुक्रमणिका बनवून देतं. माझं असंच रेकॉर्डिंग बॅटरी संपल्यामुळे अर्धवट राहिलं होतं, ते पूर्ण वाचलं.

स्मिता_सांगलीवाडी
2019 च्या पुरात आमची हार्डडिस्क भिजली, तिच्यात बारशाचे व्हिडिओ आहेत. वाळवून ठेवलीय, अजून लावून बघितली नाही. तिच्यावरही हेच सॉफ्टवेअर चालेल का?

गणूदा_डेटा
स्मिताताई, तुमचं प्रकरण निराळं आहे. पुराच्या पाण्याचा गाळ आत गेलेली डिस्क वीज देऊन फिरवू नका, हेड तबकडीला घासतं. उघडून साफ करणाऱ्या लॅबचंच ते काम. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मिरजकर, आधी एक सांगा. रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा कार्ड भरत आलं होतं का? आणि त्याआधी मधले मधले फोटो डिलीट केले होते का?

मिरजकर_तारा
हो, दोन्ही. 32 जीबीचं कार्ड, जवळजवळ भरलेलं. भोपळ्यांचे हललेले फोटो इकडून तिकडून डिलीट करून जागा केली होती.

गणूदा_डेटा
मग दुखणं तिथेच आहे. 32 जीबीचं कार्ड म्हणजे बहुधा FAT32, आणि जागा 32 केबीच्या तुकड्यांत वाटलेली. फोल्डरच्या नोंदीत फाइलचं नाव, आकार आणि पहिला तुकडा कुठला एवढंच असतं. पुढचे तुकडे कुठे आहेत ते वेगळ्या तक्त्यात. डिलीट केलं की नावाचं पहिलं अक्षर खोडलं जातं (तुमची `_` तिथूनच आली) आणि तक्त्यातली ती साखळी पुसली जाते. सॉफ्टवेअरला सुरुवात माहीत, आकार माहीत, मधली वाट माहीत नाही. मग ते सुरुवातीपासून 3.7 जीबी सरळ उचलतं.

6 एमबीचा फोटो बहुतेक एकाच मोकळ्या जागेत मावतो, म्हणून तिथे हे सरळ उचलणं बरोबर ठरतं. तुमचा व्हिडिओ मात्र डिलीट केलेल्या फोटोंच्या भोकाभोकांतून पुढे गेलाय. सरळ उचलताना मधले ठेवलेले फोटोही त्यात आले. असे पन्नास फोटो धरले तर 300 एमबी परकं आत, आणि आकार ठरलेला म्हणून व्हिडिओचे शेवटचे 300 एमबी बाहेर. `moov` तुमच्या कॅमेऱ्यात फाइलच्या शेवटी लिहिलं जात असणार, म्हणून तेच कापलं गेलं. हिरव्या शेऱ्याचा अर्थ फक्त एवढाच की त्या जागेवर आज दुसरी चालू फाइल दिसत नाही.

सचिन, `untrunc` तुमच्या बाबतीत योग्यच होतं, कारण तिथे आतला माल क्रमाने होता, फक्त अनुक्रमणिका नव्हती. इथे मालच भेसळीचा आहे. ते पहिल्या फोटोपर्यंत चालेल.

सचिन_विटा
पण अनोळखी भाग ओलांडून पुढे जायची सोय त्याच्या नव्या आवृत्तीत आहे ना?

गणूदा_डेटा
आहे, आणि बराच भाग मिळूही शकतो. पण शेवटचा तुकडा त्या फाइलमध्येच नाही, तो कुठून येणार?

मिरजकर, कार्डाची लॉकची पट्टी सरकवा, पूर्ण कार्डाची इमेज काढा आणि यापुढे फक्त इमेजवर काम करा. मग सापडलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून `FF D8 FF` शोधा. पत्ता `0000` किंवा `8000` वर संपत असेल तर तो नव्या तुकड्याच्या आरंभी बसलेला फोटो. इतर पत्त्यांवर सापडेल तो फोटोच्या पोटातला थंबनेल किंवा योगायोग, तो सोडून द्या.

मिरजकर_तारा
सापडला! `14A08000` वर `FF D8 FF E1`, त्याच्या लगेच पुढे `Exif` आणि माझ्या कॅमेऱ्याचं नाव. `untrunc` ने केलेली फाइलही दोन मिनिटांच्या जरा अलीकडेच थांबते.

गणूदा_डेटा
जुळतंय. ती जागा म्हणजे 330 एमबी, आणि तुमचा कॅमेरा सेकंदाला सुमारे 3 एमबी लिहितो.

तुमच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे: मधले फोटो लॅपटॉपवर आहेत. प्रत्येक फोटोचे पहिले 32 केबी इमेजमध्ये शोधा आणि त्याच्या आकाराएवढे तुकडे 'व्हिडिओ नव्हे' म्हणून बाजूला काढा. व्हिडिओच्या पहिल्या तुकड्यापासून उरलेले तुकडे चढत्या क्रमाने जोडत जा, 3.7 जीबी भरेपर्यंत. छोटी पायथन स्क्रिप्ट पुरे. यात मी धरून चाललोय की कॅमेऱ्याने मोकळ्या जागा क्रमाने भरल्या. काही कॅमेरे मागच्या वेळी जिथे थांबले तिथून सुरू करतात आणि कार्ड संपलं की वळून कार्डाच्या सुरुवातीला येतात. तसं असेल तर जोड मधेच फसेल.

मिरजकर_तारा
पुतणी इंजिनिअरिंगला आहे, तिने स्क्रिप्ट लिहून दिली. `moov` तिने इमेजमध्ये वेगळं शोधून फाइलच्या शेवटी त्याच्या जागी बसवलं आणि फाइल उघडली! काकांचा आवाज, कानशीचा आवाज सगळं नीट. पण चौदाव्या मिनिटानंतर चित्राचे हिरवे-राखाडी चौकोन होतात आणि आवाज खरखरतो. भाचा म्हणतो, लॅपटॉपवर घेतल्यावर त्याने काही फोटो काढून टाकले होते.

गणूदा_डेटा
म्हणजे ते फोटो अजून व्हिडिओच्या आत आहेत. एक फोटो राहिला की त्याच्या पुढचं सगळं तेवढ्याने सरकतं, कारण अनुक्रमणिका फाइलच्या आरंभापासून मोजलेले पत्ते देते. म्हणून बिघाड दोन सेकंदांचा न राहता शेवटपर्यंत पसरतो. चौदाव्या मिनिटाच्या आसपास, म्हणजे 2.5 जीबीच्या आगेमागे, पुन्हा `FF D8 FF` बघा.

फोटो कुठे संपतो हेही ठरवावं लागेल. `FF D9` दिसल्यावर तो तुकडा संपेल तिथपर्यंत काढा, पण थंबनेललाही स्वतःचा `FF D9` असतो, तेव्हा पहिल्यावर थांबू नका. एकेक फोटो काढून फाइल पुन्हा जोडा आणि चित्र किती पुढे सरकतं ते पाहा.

मिरजकर_तारा
एक काढला. आता सतराव्या मिनिटापर्यंत स्वच्छ चालतं. पुढे 3 जीबीच्या जवळ काही वेगळंच दिसतंय, `FF D8` नाही, नुसती शून्यं, बराच वेळ शून्यंच.

गणूदा_डेटा
शून्यं फोटोची नसतात. ती जागा कधी लिहिलीच गेली नसावी, म्हणजे कॅमेरा तिथे पोचण्याआधी दुसरीकडे वळला असण्याची शक्यता आहे. पण `moov` तुम्हाला नेमकं कुठल्या तुकड्यात मिळालं, त्या शून्यांच्या पुढे की मागे? तो क्रमांक इथे टाका, त्यावरून ठरवू.