आधी काहीच वाटत नव्हतं, मग रोज दिसून दिसून आवडू लागलं: तुमचे अनुभव लिहा

बकुळ
एवढ्या मोठ्या जगात नेमकं शेजारच्या टेबलावरचं किंवा वरच्या मजल्यावरचंच माणूस 'आपलं' कसं निघतं, हे कोडं मला सुटत नाही. ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी लिहा. पहिल्या नजरेतले किस्से नकोत, त्यांचे धागे भरपूर आहेत.

शाईपेन
आमच्या विभागात एकच प्रिंटर होता आणि तो माझ्या खुर्चीमागे. 'तो' हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. कागद अडकला की झाकण उघडायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. मी खालचा ट्रे ओढून चुरगळलेला कागद काढून द्यायचे. पुढे कागद अडकला नाही तरी दोन मिनिटं थांबू लागला. माझ्या अगदी लगत, पण पार्टिशनपलीकडे, आणखी एक जण बसायचा. त्याचं आडनाव सोडून मला आजही काही माहीत नाही. प्रिंटर त्या बाजूला असता तर काय झालं असतं, असं नवरा अधूनमधून विचारतो. मी उत्तर देत नाही.

दुर्बीण
शाईपेन, तुमच्या प्रिंटरचं काम दुसरीकडे एका जिन्याने केलं होतं. (मी हा विषय शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.) अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वेस्टगेट वसाहतीत विवाहित विद्यार्थी राहत. शेजारी कोण येणार हे त्यांच्या हातात फारसं नव्हतं. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या मानसशास्त्रज्ञांनी त्यांना विचारलं, तुमचं जास्त येणंजाणं कुणाशी? त्यांचं पुस्तक 1950 चं. एकाच मजल्यावर लगतच्या दारांत 41 टक्के वेळा मैत्री निघाली, एक दार सोडून 22 टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना जेमतेम 10. तीही टोकं चालत मिनिटभराच्या आतली! पण खरी गंमत पुढे आहे. खालच्या मजल्यावर जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या लोकांशी ओळख जास्त होती, कारण वरचे येता-जाता त्यांच्या दारावरून जात. म्हणजे अंतर फुटांत मोजून भागत नाही, पावलं कुठून जातात ते बघावं लागतं. तुमचा लगतचा सहकारी पार्टिशनपलीकडे होता, नवरा प्रिंटरच्या वाटेवर. मात्र हा अभ्यास मैत्रीचा आहे. प्रेमापर्यंत तो जसाच्या तसा ताणू नये.

तिरकामठा
मग सोपं आहे की! जी आवडते तिच्या समोर रोज यायचं. मी जिमची वेळ बदलून तिच्या वेळेला जातोय. अजून बोललो नाही, पण सवय होत असणारच.

काजळरेघ
अशाच एकामुळे मी माझी वेळ बदलली. सवय झाली नाही, धास्ती बसली.

दुर्बीण
तिरकामठा, तुमचं अर्धं बरोबर आहे. मोरलँड आणि बीच यांनी 1992 मध्ये दिसायला साधारण सारख्या चार मुलींचा प्रयोग छापला. एक वर्गात कधीच गेली नाही, बाकीच्या 5, 10 आणि 15 तासांना जाऊन बसल्या. कुणाशी बोलायचं नाही, ही अट. शेवटी फोटो दाखवले, तर जास्त वेळा आलेली मुलगी वर्गातल्या विद्यार्थ्यांना जास्त आवडली, आणि आपण हिला वर्गात पाहिलंय हे बहुतेकांना धड आठवतही नव्हतं. पण त्या मुली कुणाकडे बघत बसल्या नव्हत्या. 'हा माझ्यासाठीच येतो' हे समोरच्याला कळलं की ती नुसती ओळख राहत नाही. शिवाय मुळात मत वाईट असेल तर रोजच्या दर्शनाने ते आणखी बिघडू शकतं. ती तुम्हाला पाहून मशीन बदलत असेल तर समजून घ्या.

खारीक
बरोबर. माझं ज्यांच्याशी हाडवैर आहे तेही भिंतीला भिंत लागूनच राहतात. लांबच्या माणसाशी भांडायला निमित्त तरी कुठून आणणार?

अवकाळी
विषय कळला. आम्ही दोघं वेगवेगळ्या देशांत आहोत. रोज व्हिडिओ कॉल केला तर चालेल का? तिचा चेहरा सारखा हँग होतो.

बकुळ
अवकाळी, तुमचा प्रश्न दुरावा टिकवण्याचा, धागा जवळिकीचा. पण असू दे.

ओलीमाती
मला वाटतं दिसणं फक्त दार उघडतं. वसतिगृहात पहिल्या वर्षी शेजारच्या खोलीतला मुलगा आवडायचा, कारण तोच सतत दिसायचा. पुढे कळलं की घर, पैसा, मूल यांतल्या एकाही गोष्टीवर आमचं पटत नाही. जो शेवटी टिकला तो वेगळ्या इमारतीतला, पण वाद घालताना माझंच वाक्य पूर्ण करणारा.

दुर्बीण
न्यूकम या मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठातल्या अनोळखी मुलांना एका घरात एकत्र ठेवून जवळपास हेच पाहिलं: सुरुवातीला खोल्यांच्या जवळिकीने मैत्री, महिने गेल्यावर मतं जुळणाऱ्यांशी.

शाईपेन
पण मतं आधीपासून जुळत होती की एकत्र राहून जुळली? आम्ही दोघं आता एकाच गोष्टीवर चिडतो. लग्नाआधी तो कशावरच चिडायचा नाही.

दुर्बीण
दोन्ही होतं. आणि 'आपण सारखे आहोत' असं नुसतं वाटणंही बरंच काम करतं, खरं साम्य कमी असलं तरी. तुमच्या घरात यातलं किती काय, ते बाहेरून सांगता येणार नाही.

तिरकामठा
जिमची वेळ पुन्हा बदलली. आता सकाळी.