‘सिद्ध होते’ खोडून ‘सूचित होते’ लिहिलं की झालं?

मूळ पोस्ट: «विद्यार्थ्यांच्या गुणांवरून काहीच सिद्ध होत नसतं. अहवालात सगळीकडे ‘सूचित होते’ लिहा, कुणी बोट ठेवणार नाही.»

पाटीपेन्सिल: मी ठेवते बोट. परवा तपासायला आलेल्या अहवालात होतं, ‘उत्तरचाचणीत सरासरी वाढल्याचे सूचित होते.’ अहो, वाढली! 25पैकी 9ची 13 झाली. भागाकारात कसली शंका? आणि जिथे खरंच दबकायचं, तिथे मात्र ठणकावून, ‘जादा तासांमुळे सुधारणा झाली.’ 40 मुलांतली सर्वांत कमी गुणांची 10 निवडली होती, तुलनेला गट नाही. त्याच वर्गातल्या वरच्या 10 जणांची सरासरी 21वरून 19वर आली. त्यांची काय अक्कल कमी झाली? टोकाचे गुण दुसऱ्या खेपेला मधल्याकडे सरकतात. वाढलेल्या 4मधले दोनेक तसेच आले असतील. म्हणून ‘जादा तासांचा उपयोग झाला असावा’, बस.

अर्धविराम: किंवा दुसरा पेपरच अवघड असेल. मग तर खालच्यांचे 4 गुण आणखी मोलाचे!

पाटीपेन्सिल: पूर्ण वर्गाची सरासरी दोन्ही वेळा 15च होती. तुमचा मुद्दा चांगला होता, आकडे बघून मांडायला हवा होता.

मागचाबाक: माझ्या प्रबंधात मार्गदर्शकांनी ‘दर्शवते’ 31 वेळा खोडलं. वर ‘दिसून येते’ लिहिलं. दुसऱ्या परीक्षकांनी ते खोडून पुन्हा ‘दर्शवते’! तीन महिने गेले.

अर्धविराम: ‘दिसून येते’ म्हणजे नक्की कुणाला दिसतं? कर्ता लपवायची सोय आहे ती.

मागचाबाक: तेच तर! ‘आढळून आले’सुद्धा तसंच. रस्त्यात पडलेलं सापडल्यासारखं.

पाटीपेन्सिल: धागा क्रियापदांच्या ताकदीचा आहे, तुमच्या परीक्षकांचा नाही.

मागचाबाक: तुम्हाला अहवाल नुसते तपासायचे असतात, लिहिणाऱ्याचं काय जातं!

गुणपत्रक: भांडा, पण एका मुलाच्या नोंदीचं बघा. 11चे 14 झाले की शिक्षक लिहितात, ‘लक्षणीय प्रगती सिद्ध होते.’ चाचणीची प्रमाण-त्रुटी, म्हणजे गुण निव्वळ योगायोगाने साधारण जितके वरखाली होतात ते, 2 गुण धरली, तर दोन चाचण्यांमधल्या फरकाची साधारण 2.8 होते. 3 गुणांचा फरक त्यात जवळपास बुडाला. ‘सूचित होते’सुद्धा इथे जड आहे. ‘3 गुण जास्त मिळाले, पुढची चाचणी पाहू’ असं लिहावं. दहा जणांच्या सरासरीत ही त्रुटी बरीच आटते, म्हणून वरच्या उदाहरणात ‘असावा’ तरी म्हणता येतं.

अर्धविराम: पालकांना ‘पुढची चाचणी पाहू’ सांगून बघा एकदा.

गुणपत्रक: सांगितलंय. शिव्या खाल्ल्यात.

मूळ पोस्टवाला: बरं बाई, ‘सगळीकडे’ हा शब्द मागे घेतो. माझं विधान चुकीचं असल्याचे सूचित होते.

पाटीपेन्सिल: इथे ‘सिद्ध होते’ चाललं असतं.