मदत हवी आहे: रेझ्युमे स्किल-फर्स्ट करायचाय, जुन्या नोकऱ्यांचं काय करू?

गेजवाला
मंडळी अर्जंट आहे. माझा रेझ्युमे तारखेप्रमाणे होता, आत्ताची नोकरी वर आणि मग मागे मागे. लाइन बदलतोय म्हणून नेटवरून एक टेम्प्लेट उचलला, डावीकडच्या पट्टीत स्किल्स, उजवीकडे बाकी सगळं. स्किल्समध्ये कम्युनिकेशन, टीमवर्क, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग टाकलं आणि प्रत्येकापुढे पाचपैकी चार-साडेचार ठिपके रंगवले. वीस-बावीस ठिकाणी टाकला, एक फोन नाही. जुन्या नोकऱ्या खाली किती ठेवायच्या की काढूनच टाकायच्या? परवा एका ठिकाणची शेवटची तारीख आहे, थिअरी नको प्लीज.

मीनल_ठ
लाइन बदलतोय म्हणजे कुठून कुठे? ते सोडून सगळं लिहिलंय तुम्ही.

अक्षरवेडा
फॉन्ट कुठला वापरलाय? लोक या गोष्टीला किंमत देत नाहीत पण साइज ९ च्या खाली गेली की वाचणारा तिथेच सोडतो. समास पण बघा. आणि फोटो लावला असेल तर काढा.

गेजवाला
फॉन्ट ठीक आहे हो. क्वालिटीमधून टेस्टिंगला जायचंय.

मीनल_ठ
कसलं टेस्टिंग? मटेरियलचं, सॉफ्टवेअरचं, की लॅब?

गेजवाला
सॉफ्टवेअर, मॅन्युअल टेस्टिंग. ९ वर्षं मशीन्ड पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, दोन कंपन्या झाल्या. मला वाटलं ते धाग्यावरून कळेल.

टोकाचा_माणूस
सोपं आहे. तारखा आणि कंपन्या सगळं उडवा. फक्त स्किल्स ठेवा, पूर्ण फंक्शनल रेझ्युमे. ९ वर्षं कारखाना दिसला की टेस्टिंगवाले पुढे वाचतच नाहीत. मी हेच केलं आणि दोन इंटरव्ह्यू मिळाले.

जुना_भरतीवाला
@टोकाचा_माणूस, ते दोन इंटरव्ह्यू पोर्टलवरून अर्ज करून मिळाले का कोणी आतल्या माणसाने नाव पुढे केलं?

टोकाचा_माणूस
एक मित्राने रेफर केलं होतं. दुसरं पण ओळखीतूनच, पण रेझ्युमे तर वाचलाच ना त्यांनी.

जुना_भरतीवाला
वाचला, पण माणूस आधीच माहीत होता म्हणून. अनोळखी रेझ्युमेत तारखा नसल्या की माझ्यासारख्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की हा काय लपवतोय, आणि बहुतेक वेळा काहीच लपवायचं नसतं. शिवाय पोर्टलवरचं सॉफ्टवेअर पद, कंपनी, कधीपासून-कधीपर्यंत हे शोधून रकाने भरतं. ते मिळालं नाही की अनुभवाचा रकाना कोरा राहतो, मग ९ वर्षांचा माणूस फ्रेशर म्हणून यादीत बसतो. त्यामुळे वरचा अर्धा भाग स्किलचा, खाली थोडक्यात पण पूर्ण तारखांसकट नोकऱ्या, असा मिश्र ठेवा.

गेजवाला, तुम्ही सॉफ्टवेअरचं प्रत्यक्ष काय केलंय? काहीतरी केलं असेलच, नाहीतर इतके अर्ज टाकले नसते.

गेजवाला
कोर्स केला, टेस्टिंगची आयएसटीक्यूबी फाउंडेशन परीक्षा पास आहे. आणि खर्च नोंदवायच्या एका ओपन सोर्स अ‍ॅपमध्ये बग शोधून टाकले, १४ टाकले त्यातले ९ डेव्हलपर लोकांनी मान्य केले.

मीनल_ठ
हे रेझ्युमेत कुठे आहे??

गेजवाला
दुसऱ्या पानावर. हॉबीजच्या वर.

मीनल_ठ
अहो!!

सोनचाफा
माझी पण अशीच केस आहे, पाच वर्षं घरी होते, मुलगी लहान म्हणून, आता परत अकाउंट्समध्ये जायचंय. स्किल-फर्स्ट केलं तर ती पाच वर्षं दिसणार नाहीत ना? कोणीतरी सांगा.

जुना_भरतीवाला
ताई, तुम्ही त्याच कामात परत जाताय, तुम्हाला लेआउट उलटा करायची गरजच नाही. तारखेप्रमाणेच ठेवा आणि ब्रेकची एक सरळ ओळ त्याच्या जागी लिहा. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, इथे घोळ होईल.

गेजवाला, आता कामाचं. ज्या जागांना अर्ज करताय त्यातल्या पाच-सहा जाहिराती समोर घ्या आणि परत परत येणाऱ्या कामांखाली रेघ ओढा. मॅन्युअल टेस्टिंगच्या सुरुवातीच्या जागांना साधारण तीन गोष्टी निघतील: टेस्ट केस लिहिणं, दोष नोंदवून त्याचा पाठपुरावा, आणि दोष कुठून येतोय ते शोधणं. हेच तुमचे स्किलचे मथळे. कम्युनिकेशन आणि टीमवर्क हे मथळेच नाहीत, ते कोणीही लिहितो. ठिपके तर काढाच, साडेचार म्हणजे किती हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

मग जुन्या रेझ्युमेतली प्रत्येक ओळ उचला आणि विचारा की ही तीनपैकी कशाखाली जाते. कशाखालीच जात नसेल तर ती गेली. किती ओळी आहेत?

गेजवाला
१७ होत्या. आत्ता बसून केलं, ६ उरल्या. गेज कॅलिब्रेशनचं सगळं गेलं, वाईट वाटतंय, तेच माझं सगळ्यात चांगलं काम आहे.

नाठाळ_नाना
कॅलिब्रेशन ठेवाच! मापच चुकीचं असेल तर तपासणीला अर्थ काय, सॉफ्टवेअरवाल्यांनाही हे कळायला हवं. आमच्या वेळी मायक्रोमीटर हातात द्यायच्या आधी महिनाभर नुसता पुसायला लावायचे.

मीनल_ठ
नाना, रेझ्युमे वाचणाऱ्याला शिकवायचं नाहीये, त्याने फोन करावा एवढंच हवंय.

जुना_भरतीवाला
खाली नोकरीच्या नोंदीत अर्धी ओळ ठेवा, वर नको. आता त्या सहातली एक इथे टाका, जशी लिहिलीय तशी.

गेजवाला
"रिजेक्शन कमी करण्यासाठी रूट कॉज अ‍ॅनालिसिस केले."

जुना_भरतीवाला
ही ओळ कुठल्याही कारखान्यातला कोणीही लिहील. प्रत्यक्षात काय झालं होतं ते बोलल्यासारखं सांगा.

गेजवाला
पार्टमधला बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान येत होता, मधेमधे, रोज नाही, ऑपरेटर म्हणे मटेरियल खराब आहे आणि मटेरियलवाले म्हणत मशीन खराब आहे. मी आठवडाभर मापं पीस नंबरप्रमाणे लिहून काढली तर दिसलं की टूल बदललं की माप मधोमध येतं आणि जसजसे पीस होतात तसं खाली सरकतं, साधारण १८० पीस झाले की हद्दीच्या बाहेर. टूल झिजत होतं. मग १५० ला बदलायचं ठरवलं. रिजेक्शन ४ टक्के होतं ते १ च्या खाली आलं. २०२२ मधलं आहे.

जुना_भरतीवाला
अहो हे चार शब्दांत पुरून टाकलंत तुम्ही. मराठीत लिहितो, इंग्रजी तुम्ही करा:

"अधूनमधून लहान येणाऱ्या बोअरचा माग काढला, मापं पीस नंबरप्रमाणे मांडून दोष टूल बदलल्यानंतर सुमारे १८० पीसांनी सुरू होतो हे दाखवलं, १५० ला टूल बदलायला लागल्यावर रिजेक्शन ४ टक्क्यांवरून १ च्या खाली. क्वालिटी इन्स्पेक्टर, अमुक कंपनी, २०२२."

शेवटचा तुकडा, म्हणजे पद, कंपनी, वर्ष, हा प्रत्येक ओळीला हवा. स्किल-फर्स्ट रेझ्युमे पडतो तो इथेच, वर दावे असतात आणि खाली नोकऱ्या, पण कुठला दावा कुठल्या नोकरीतला हे जुळवायचं काम वाचणाऱ्यावर टाकलेलं असतं. तो जुळवत बसत नाही. आता याच मथळ्याखाली लगेच तुमच्या १४ पैकी एक बग टाका, असाच अधूनमधून येणारा असला तर उत्तम.

गेजवाला
आहे एक! महिन्याची बेरीज कधी बरोबर कधी चूक येत होती. शेवटी कळलं की ३१ तारखेला दरमहा येणारा खर्च नोंदवला की ३० दिवसांच्या महिन्यात तो दोनदा धरला जातो. तारखा बदलून बदलून पकडला.

जुना_भरतीवाला
झालं की. एकाखाली एक वाचल्यावर वाचणाऱ्याला आपोआप कळतं की माणूस तोच आहे, वस्तू बदललीय. बग रिपोर्टची लिंक त्या ओळीत द्या.

टोकाचा_माणूस
मग एवढंच असेल तर कारखान्यातल्या एनसीआरला, म्हणजे मापात न बसणाऱ्या मालाच्या रिपोर्टला, पण बग रिपोर्टच लिहा ना, आणि पद क्यूए इंजिनिअर करा. क्वालिटी म्हणजे क्यूएच.

जुना_भरतीवाला
अजिबात नको. पद अनुभवाच्या पत्रावर आहे तेच लिहायचं. ऑफर आल्यावर जुन्या कंपनीकडे चौकशी होते, तिथे "क्वालिटी इन्स्पेक्टर" आलं आणि रेझ्युमेत दुसरं असलं तर आलेली ऑफर जाऊ शकते. एनसीआरला एनसीआरच म्हणा, त्यात काय लिहायचात ते सांगा: काय अपेक्षित होतं, काय मिळालं, किती पीस, कोणाकडे गेलं, कधी बंद झालं. टेस्टिंगवाला ते वाचून स्वतःच ओळखतो.

मीनल_ठ
मला अजूनही वाटतं एवढी उलथापालथ नको. तारखेप्रमाणेच ठेवा, फक्त नोकऱ्यांच्या वर "प्रोजेक्ट" म्हणून ते अ‍ॅप आणि सर्टिफिकेट टाका. मी टेस्टिंगमध्येच आहे, आमच्या लीडला स्किलचे मथळे दिसले की तो थेट खाली नोकऱ्यांकडे उडी मारतो.

जुना_भरतीवाला
खाली उडी मारल्यावर तारखा सापडल्या तर काही बिघडत नाही. पण तुमचं पण चालेल, विशेषतः प्रोजेक्ट दोन-तीन असतील तर. यांचा एकच आहे आणि कारखान्यातलं काम तगडं आहे, म्हणून मी मिश्र म्हणतोय.

मीनल_ठ
दोन्ही करून अर्धे अर्धे अर्ज टाकून बघा मग. मला नाही पटलेलं.

गेजवाला
पण ते सॉफ्टवेअर आपोआप रिजेक्ट करतं ना? मग कीवर्ड पांढऱ्या रंगात लिहिले तर?

जुना_भरतीवाला
नको, टेक्स्ट काढलं की ते सगळे समोर दिसतात आणि हसं होतं. आपोआप नकार बहुतेक फॉर्ममधल्या प्रश्नांवरून येतो, अमुक वर्षांचा अनुभव आहे का वगैरे. नाहीतर यादीत मागे पडता आणि कोणी तिथवर पोचत नाही. तुमची अडचण वेगळी असावी. ती पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि काय दिसतं सांगा.

गेजवाला
अरे देवा. "क्वालिटी इन्स्पेक्टर टीमवर्क" एका ओळीत, मग कंपनीचं नाव, मग "अटेन्शन टू डिटेल एप्रिल", आणि पुढच्या ओळीत २०१९. फोन नंबर तर आलाच नाही.

अक्षरवेडा
नंबर हेडरमध्ये चित्रासारखा बसवला असेल. मी म्हणत होतो ना मांडणी बघा.

जुना_भरतीवाला
तुम्ही फॉन्ट म्हणाला होतात. पण हो, दोन रकान्यांची मिसळ झालीय. एकाच रकान्यात आणा, टेबल नको, नंबर आणि मेल नावाखाली साध्या ओळीत. क्रम असा ठेवा: तीन ओळींचा सारांश, ज्यात "मॅन्युअल टेस्टर" हे शब्द पहिल्याच ओळीत हवेत, मग तीन मथळे, मग दोन नोकऱ्या महिना-वर्षासकट, मग शिक्षण. सर्टिफिकेट सारांशात. एका पानात बसेल, नाही बसलं तर दीड चालेल.

गेजवाला
रात्री बसून केलं. नोटपॅडमध्ये आता सरळ वाचता येतंय, नंबर पण आला. पण टेस्ट केसच्या मथळ्याखाली एकच ओळ आहे, कंट्रोल प्लॅनवरून चेकलिस्ट बनवायचो ती. अ‍ॅपच्या टेस्ट केस मी लिहिल्याच नाहीत, डोक्यातच होत्या.

जुना_भरतीवाला
मग उद्या लिहा. खर्च नोंदवायच्या एका स्क्रीनच्या पंधरा-वीस केस, साध्या शीटमध्ये. ३१ तारीख त्यात आलीच पाहिजे.

नाठाळ_नाना
आणि २९ फेब्रुवारी.

गेजवाला
नाना, २९ फेब्रुवारी आत्ता टाकून बघितली. अ‍ॅप बंद पडलं.