कडू न लागणारी बिअर: तुमचा अनुभव सांगा

गाळीव ताक
लहानपणी आजी नाक दाबून काडेचिराईत पाजायची. चाळिशीत पहिल्यांदा बिअरचा घोट घेतला आणि तीच आजी डोळ्यांसमोर उभी राहिली. नवरा आणि त्याचे मित्र म्हणतात, "सवय होईल." मला सवय करून घ्यायची नाहीये. कॉफीसुद्धा दोन चमचे साखरेशिवाय उतरत नाही. पण चौघांत बसून दर वेळी लिंबूसरबत मागवायचाही कंटाळा आलाय. पुण्यात आता गव्हाची, आंबट, तांबूस अशा बऱ्याच बिअर मिळतात असं ऐकते. ज्यांना कडू चालत नाही त्यांनी काय प्यायलं, काय जमलं आणि काय फसलं ते लिहा. दर्दी लोकांनीही लिहा, पण "आधी आयपीए पिऊन बघ" म्हणू नका, ती तर सगळ्यांत कडू बिअरपैकी एक.

मुक्काम म्युनिक
मी इथे आलो तेव्हा तुमच्यासारखाच होतो. ऑफिसातल्या एका बवेरियन काकांनी वाइसबिअर, म्हणजे इथली गव्हाची बिअर, ओतायला शिकवली आणि माझा प्रश्न तिथेच मिटला. अर्ध्या लिटरचा उंच, वर रुंद होत जाणारा ग्लास आधी गार पाण्याने आतून ओला करायचा. तो तिरका धरून बिअर कडेने हळू सोडायची. बाटलीत दोन-तीन बोटं उरली की थांबायचं, बाटली गोल गोल हलवायची आणि तळाशी बसलेलं यीस्ट फेसावर ओतायचं. बिअर ढगाळ होते आणि पिकलेल्या केळ्याचा वास येतो, मागून थोडा लवंगेचा. मी काकांना विचारलं, केळं कधी घालतात? ते हसतच सुटले. केळंही नाही, लवंगही नाही, सगळी यीस्टची करामत. एक मात्र सांगतो, ही बिअर गोड नसते. कडू नाही म्हणजे गोड, असं धरून प्यायलात तर हिरमोड होईल.

चखण्यापुरता
सोप्पं आहे. गव्हाच्या बिअरमध्ये हॉप्स, म्हणजे ती कडू फुलं, घालतच नाहीत, म्हणून ती कडू नसते. डोळे झाकून गव्हाची घ्या.

घरची भट्टी, न्यू जर्सी
घालतात हो, पण थोडे. मी गेली नऊ वर्षं घरी बिअर बनवतोय. कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. बवेरियन गव्हाच्या बिअरचा आकडा साधारण 8 ते 15 असतो, आयपीएचा 40 ते 70. पण नुसता आकडा बघून फसायला होतं, कारण तो कडूपणा कशावर बसलाय तेही बघावं लागतं. आमटीत मीठ तेवढंच असलं तरी गूळ किती त्यावर चव फिरते, तसंच इथे माल्टचं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचं.

गेल्या हिवाळ्यात मी 20 लिटर तांबूस लागर केली, व्हिएन्ना पद्धतीची. आकडा आला 24, म्हणजे गव्हाच्या बिअरच्या दुप्पट. पण त्यातलं धान्य जास्त भाजलेलं असतं, त्यामुळे ब्रेडच्या खरपूस कडेसारखी चव येते आणि कडूपणा तिच्या मागे लपतो. 11 अंशांवर आंबवली, मग पाच आठवडे शून्याच्या आसपास ठेवली. माझी बहीण बिअरला हात लावत नाही, तिने अख्खा ग्लास संपवला. त्याआधीच्या खेपेला मी घाई करून दोनच आठवड्यांत काढली होती. त्या बिअरला लोण्यासारखा वास येत होता आणि बहिणीने तोंड वाकडं केलं. त्यात कडूपणाचा काही संबंध नव्हता, पण तिच्या लेखी बिअर "खराबच".

कोल्हापुरी चप्पल
आमच्याकडे स्ट्राँगच चालते. कडू वाटते म्हणून मी त्यात थम्सअप घालतो. चुकतंय काय?

घरची भट्टी, न्यू जर्सी
चूक-बरोबर काही नाही, ग्लास तुमचा. पण स्ट्राँगमध्ये घशाला जे लागतं ते मला तरी हॉप्सपेक्षा अल्कोहोलचं वाटतं. 8 टक्के आहे ते. "कडू" म्हणताना आपण बऱ्याच गोष्टी एकाच पोत्यात भरतो. हॉप्सचा कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. स्टाउटचा जळक्या कॉफीसारखा असतो. स्ट्राँगचा तर जाळ.

रातांबा
मी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत दोन वर्षं काम केलं, त्यामुळे आंबट बिअरबद्दल मी लिहिते. दह्यात असतात तशाच जातीचे जिवाणू गोड वॉर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या न आंबवलेल्या पाण्यात, सोडायचे आणि 40 अंशांच्या आसपास एक-दोन दिवस ठेवायचं. सकाळी झाकण उघडलं की ताकाचा वास यायचा. आता गंमत अशी की हॉप्स या जिवाणूंना वाढू देत नाहीत. म्हणून आंबट होईपर्यंत हॉप्स घालायचेच नाहीत, आणि नंतर घातले तरी नावापुरते. गाळीव ताक, तुमच्या आयडीवरून वाटतंय की तुमचं इथे जमेल.

पण फळाच्या नावावर जाऊ नका. आम्ही हापूसची केली होती. लोकांना वाटायचं आमरस येणार. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, उरतो वास आणि आंबटपणा. कित्येक ग्लास अर्धे परत यायचे. कोकमाची मात्र चालायची, कारण कोकमाकडून कोणी गोडाची अपेक्षा करत नाही. आणि पाटीवर "ड्राय हॉप्ड" किंवा "सावर आयपीए" लिहिलेलं असेल तर आधी थोडी चाखून बघा.

पित्तप्रकृती
रातांबाताईंचं वाचून कोकमाची घेतली. चव झकास. रात्री दोन वाजता उठून बसलो, छातीत जळजळ. रिकाम्या पोटी नको.

सदाशिवपेठी
कारल्याची भाजी आवडत नाही म्हणून कोणी कारलं गोड करून मागतं का? नसेल आवडत तर पिऊ नये. आमच्या वेळी पन्हं होतं.

चखण्यापुरता
काका, धाग्याचं नाव वाचा. बाकी, हॉप्सचं मान्य. पण बिअर एकदम बर्फगार केली की कडू कळत नाही, हे तरी बरोबर ना?

मुक्काम म्युनिक
माझा अनुभव उलटा. फार गार केली की केळं आणि माल्टचा गोडवा दोन्ही गायब होतात, उरतो तो कडूपणा आणि बुडबुड्यांचा चावा. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं टेबलावर ठेवतो.

घरची भट्टी, न्यू जर्सी
साधी लागर असेल तर मी चखण्यापुरतांच्या बाजूने. गव्हाच्या बिअरला म्युनिकवाल्यांच्या. भांडा.

गाळीव ताक
शनिवारी जाऊन आले. छोट्या ग्लासात तीन नमुने मागवले. गव्हाची आधी घेतली. केळ्याचा वास खरंच आला, नवऱ्याला म्हटलं, शिकरण आहे ही! लवंग मात्र मला सापडली नाही. तांबूस लागरचा पहिला घोट छान, भाजलेल्या पावासारखा, पण गिळल्यावर मागे आजी आलीच. भट्टीवाले, तुमच्या बहिणीची जीभ माझ्यापेक्षा धीट दिसते. कोकमाची सगळ्यांत आवडली, सोबत मसाला शेंगदाणे होते. हावरटासारखा मोठा ग्लास मागवला आणि अर्ध्यावर दात आंबले. उरलेला नवऱ्याने संपवला, तोंड वाकडं करत. त्याला आंबट चालत नाही.