सल्ला हवा: 6.2 सीजीपीए आणि केट्या, रेझ्युमेवर काय लिहू?

मेकवाला_ठाणे: बी.ई. मेकॅनिकल, 2021 ला प्रवेश, 2025 ऐवजी 2026 ला पास होईन. सीजीपीए 6.2. चार केट्या सुटल्या, गणिताचा एम-थ्री पेपर दिलाय, निकाल बाकी. खोटं लिहायचं नाही, पण सुरुवातीलाच बादही व्हायचं नाही.

सह्याद्री७७: सोपंय. 6.2 ला 9.5 ने गुण, टक्के लिही. सीजीपीए कोण बघतंय!

भरती_टेबल: 9.5 हा सीबीएसईच्या दहावीचा जुना गुणक होता, तो डिग्रीला लावू नका. तसंही 58.9 च येतात, म्हणजे साठची अट असेल तर तुम्ही स्वतःच स्वतःला कापलंत. विद्यापीठाचं सूत्र बहुधा गुणपत्रिकेच्या मागे किंवा परिपत्रकात असतं. फॉर्ममध्ये टक्के मागितले तरच त्याने काढा आणि 59.6 आले तर 60 करू नका. ऑफरनंतरच्या पडताळणीत सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका मागतात, तिथे आकडा जुळला नाही की ऑफर जाते. कमी मार्कांनी फार तर एक कंपनी हुकते.

रेझ्युमे आणि फॉर्म वेगळे धरा. रेझ्युमेवर सीजीपीए लिहायची सक्ती नाही. प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप वर घ्या, शिक्षण खाली एका ओळीत. सुटलेल्या केट्यांचा उल्लेखही नको. फॉर्मवर मात्र जे विचारलंय त्याचं खरं उत्तर. 'सध्या बॅकलॉग आहे का' आणि 'कधी होता का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घाईत दुसऱ्यालाही 'नाही' वर टिक करतात आणि तिथेच अडकतात, कारण प्रत्येक गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना-वर्ष असतं.

मृणाल_नागपूर: माझे बारावीला 52 आहेत, तेही लपवू का?

भरती_टेबल: बारावीची ओळच काढा, डिग्री असताना रेझ्युमेवर चालतं. फॉर्मने मागितली तर 52 च.

धागाकर्त्यासाठी: निकाल लागेपर्यंत 'बी.ई. 2026' असं नुसतं लिहू नका, ते पूर्ण झाल्यासारखं वाचलं जातं. 'बी.ई. मेकॅनिकल, एका विषयाचा निकाल प्रतीक्षेत' असं लिहा. निकाल लागला की शेपूट कापा. प्रवेशाचं वर्ष न लिहिता फक्त उत्तीर्ण वर्ष ठेवलं तर पाच वर्षं डोळ्यात भरत नाहीत.

मेकवाला_ठाणे: शेवटच्या दोन सेमिस्टरला 7.6 आणि 7.8 आहेत. तेवढेच दाखवू?

भरती_टेबल: 'सेमिस्टर 7 आणि 8' असं स्पष्ट लिहून दाखवा. नुसतं 'सीजीपीए 7.7' लिहिलंत तर ते खोटंच.

टीपीओ_माजी: मला नाही पटत. दोनच सेमिस्टर दिसले की मुलाखत घेणारा पहिला प्रश्न बाकीच्या सहांचा विचारतो. एकही आकडा नको. आणि कॅम्पसला असाल तर कॉलेजच्या ठरलेल्या नमुन्यात सीजीपीएचा रकानाच असतो, तिथे ही चर्चा संपली.

भरती_टेबल: कॅम्पसचं मान्य. बाहेर अर्ज करताना मी तरी 7.6 आणि 7.8 ठेवायलाच सांगेन. बाकीच्या सहांबद्दल विचारलं तर थेट 6.2 सांगायचं.