स्वतःची सही, साहेबांचा शिक्का की नोटरी?

मुळामुठा
बाबा फेब्रुवारीत गेले. तेव्हापासून चार ठिकाणी अर्ज चालू आहेत: तलाठी, बँक, म्युच्युअल फंड आणि सोसायटी. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने साक्षांकित प्रतींची कटकट संपली, स्वतः सही केलेली झेरॉक्स पुरते. मी सगळीकडे तशीच दिली. तलाठ्याने घेतली, बँकेने आणि फंडाने परत केली, सोसायटी नोटरी मागते आहे. नोटरी ही निव्वळ काळ्या कोटाच्या पोटापाण्याची सोय आहे. कोणीही पैसे देऊ नका, सरळ जीआर तोंडावर मारा.

अव्वल कारकून
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण शेवटच्या दोन वाक्यांवर गप्प बसवत नाही, कारण तुमचं ऐकून उद्या कुणाची तरी फाइल तीन महिने पडून राहील. मी तहसीलमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत.

तो निर्णय सामान्य प्रशासन विभागाचा आहे, राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी. तलाठ्याला तो लागू, म्हणून त्याने प्रत घेतली. बँक रिझर्व्ह बँकेचं ऐकते, फंड सेबीचं, सोसायटी उपविधींचं. त्यांच्या टेबलावर जीआर ठेवून काही होणार नाही. शिवाय त्याच निर्णयात म्हटलं आहे की जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सांगितलंय तिथे ते द्यावंच लागेल. जातपडताळणीला वंशावळीचं शपथपत्र आजही लागतं ते त्यामुळे.

कुठे कोणती प्रत, हे पाठ करायची गरज नाही. एकच विचारायचं: मूळ कागद कोणी पाहिला? स्वतः सही केलेल्या प्रतीत तो कोणीच पाहिलेला नसतो, तुम्ही फक्त जबाबदारी घेता. म्हणून ती चालते तिथे मूळ कागद पुढे कधीतरी दाखवायचा असतोच. पासपोर्टला आपण सही केलेल्या झेरॉक्स आणि मूळ कागद दोन्ही घेऊन जातो ना, तसं. साक्षांकित म्हणजे राजपत्रित अधिकाऱ्याने मूळ पाहिलं. नोटरी म्हणजे नोटरीने पाहिलं आणि त्याच्या रजिस्टरला नोंद केली. बँकेने तुमची प्रत परत केली तेव्हा नोटरी मागितली होती का? माझा अंदाज, "मूळ दाखला आणा" एवढंच म्हटलं असेल. काउंटरवरचा अधिकारी दाखला हातात घेतो, झेरॉक्सवर "ओएसव्ही", म्हणजे मूळ पाहून ताडलं, असा शिक्का मारतो, सही करतो. झालं काम. एक रुपया लागत नाही.

आता नोटरी. तिथे माणसं फसतात ती वेगळ्याच जागी. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंच्या मिस्टरांच्या ठेवीला नॉमिनी नव्हता, बँकेने हमीपत्र नोटरी करून मागितलं. काकूंनी घरी बसून सही केली, झेरॉक्स काढली आणि कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे दिली. त्याने झेरॉक्सवर "ट्रू कॉपी" मारून दिलं. बँकेने परत केलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी सोबत गेलो. अडचण एवढीच की तिथे प्रत नको होती, काकूंनी नोटरीसमोर केलेली सही हवी होती. मूळ हमीपत्र, नोटरीसमोर सही, रजिस्टरमध्येही सही, आणि खाली "बिफोर मी". दोन्हीकडे गोल शिक्का तोच, म्हणून फरक कळत नाही. प्रत ताडणं, सही साक्षांकित करणं आणि शपथ घेणं ही तीन निराळी कामं आहेत. "नोटरी करून आणा" म्हटलं की यातलं कोणतं, ते काउंटरवरच विचारा.

फंडाला मात्र मृत्यूचा दाखला नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकितच लागतो. तिथे ते बरोबर आहेत.

फोलिओवाली
कारकून काका, शेवटचा परिच्छेद सोडून सगळं मान्य. मी पंधरा वर्षं फंडांचं वितरण करते. तुम्ही सांगता तो जुना नियम. सेबीच्या जानेवारी 2025 च्या परिपत्रकानंतर नॉमिनीला युनिट द्यायला मृत्यूच्या दाखल्याची स्वतः सही केलेली प्रत आणि नॉमिनीची अद्ययावत केवायसी पुरते. शपथपत्र, हमीपत्र, साक्षांकन, नोटरी यातलं काहीही मागायचं नाही असं त्यात स्पष्ट आहे.

मुळामुठा, बाबांनी नॉमिनी कोणाला केलं होतं? तुम्हालाच असेल तर फंडाला लेखी विचारा की कशाच्या आधारे परत केलं. नॉमिनी नसेल तर गोष्ट बदलते, तिथे वारसांचे कागद आणि नोटरी येतातच.

मुळामुठा
नॉमिनी आई होती. ती दोन वर्षांपूर्वी गेली. नाव बदलायचं राहिलं.

फोलिओवाली
मग तुम्ही नॉमिनी म्हणून नाही, वारस म्हणून अर्ज करताय. फंडाने प्रत परत केली ते त्यामुळे. त्यांचा वारसांसाठीचा फॉर्म मागून घ्या, त्यात रकमेनुसार कागद ठरतात. आणि आईच्या मृत्यूचा दाखलाही जोडावा लागेल, तो बहुतेक तुम्ही जोडलेला नसेल.

मुळामुठा
नाही जोडला. कोणी सांगितलंच नाही. ठीक आहे, फंडापुरतं माझं चुकलं. पण सोसायटीचं काय?

शारजावासी
माझाही हाच प्रश्न आहे. बायकोच्या बी.एड. पदवीची नोटरी प्रत इथल्या शाळेने घेतली नाही. पुण्यात सासऱ्यांनी चांगल्या वकिलाकडून करून पाठवली होती. आता काय करायचं?

अव्वल कारकून
तुमचा प्रश्न हा नाही. परदेशात भारतातल्या नोटरीला कोण ओळखणार? तिथे प्रत खरी आहे का, एवढ्यावर भागत नाही. विद्यापीठाने दिलेली मूळ पदवीच खरी आहे हे सरकारने सांगावं लागतं. आधी राज्य सरकारच्या पातळीवर मूळ पदवी प्रमाणित करून घ्या, मग परराष्ट्र मंत्रालय. एकमेकांचे सरकारी शिक्के मान्य करण्याचा अपॉस्टिल करार मानणारा देश असता तर तिथेच संपलं असतं, भारत त्यात 2005 पासून आहे. अमिराती त्यात नाही, म्हणून वर त्यांच्या वकिलातीचा शिक्का. सासऱ्यांना मूळ पदवी लागेल, झेरॉक्स नाही.

कृष्णाकाठ
मूळ मुद्दा राहू द्या, पण साक्षांकनाचं कौतुक कशाला चाललंय? दहावीनंतर माझ्या वडिलांनी दोन दिवस रजा टाकून एका अधिकाऱ्याच्या दारात मला बसवलं होतं. साहेबांनी मूळ गुणपत्रिकेकडे बघितलंही नाही, पेपर वाचत वाचत सात प्रतींवर सह्या केल्या. हॉस्टेलला तर एकाकडे चक्क रबरी शिक्काच होता, अख्खा मजला वापरायचा. एकही प्रवेश अडला नाही. मूळ कागद कोणी पाहिला म्हणता, कोणीच पाहत नव्हतं. 2015 चा निर्णय हेच ओळखून आला.

जांभळी शाई
तुमचा साहेब तसा असेल. माझे वडील वर्ग दोनचे अधिकारी होते, तालुक्याच्या गावी. निकाल लागला की रविवारी सकाळी सातपासून ओसरीवर रांग. वडील प्रत्येक मूळ गुणपत्रिका घ्यायचे, बैठक क्रमांकावर बोट ठेवायचे, मग झेरॉक्सवर तोच क्रमांक बघायचे, मग सही. शिक्का मी मारायचे. संध्याकाळी माझी बोटं जांभळी असायची. एका मुलाच्या झेरॉक्सवर गणिताचा आकडा खाडाखोड केलेला निघाला. वडिलांनी त्याला मागच्या खोलीत नेलं, बापासमोर अपमान नको म्हणून. एक रुपया घेतला नाही कधी. तुम्ही सरसकट "कोणीच पाहत नव्हतं" लिहिलंत, ते मागे घ्या.

कृष्णाकाठ
मी तुमच्या वडिलांबद्दल लिहिलेलं नाही. पण ज्या मुलाला असे वडील माहीत नव्हते त्याचं काय? आमच्या गावात राजपत्रित अधिकारी नव्हताच. विशेष कार्यकारी अधिकारी होते, पक्षाच्या शिफारशीने झालेले. सही पाहिजे तर आधी त्यांच्या घरचं लग्नकार्य सांभाळा. एका चांगल्या माणसावर व्यवस्था चालत नाही.

जांभळी शाई
आणि एका रबरी शिक्क्यावरून सगळ्यांना खोटं ठरवता येत नाही. तुमच्या हॉस्टेलने केली ती फसवणूक होती, हे तरी म्हणा.

कृष्णाकाठ
होती. ते म्हणतो. रांगेतल्या पोरांची दोन दिवसांची मजुरी बुडायची, हे तुम्हीही म्हणा.

जांभळी शाई
बुडायची. आई त्यांना चहा द्यायची, पण मजुरी कोण देणार होतं. ते खरं आहे.

फोलिओवाली
दोघांनी थोडं थांबा. आजचं सांगते. माझ्याकडे परत येणाऱ्या नोटरी प्रतींमध्ये तीन गोष्टी सारख्या दिसतात. एक, एक संच नोटरी करून आणतात आणि मग त्याच्याच झेरॉक्स चार ठिकाणी देतात. शिक्का काळा दिसला की प्रत बाद, प्रत्येक जागी शाईची सही लागते. दोन, शिक्का आहे पण रजिस्टरचा अनुक्रमांक आणि तारीख रिकामी. नोटरीने रजिस्टरला घेतलंच नाही असा त्याचा अर्थ होतो. तीन, नोटरीची मुदत संपलेली. त्यांचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, नूतनीकरण राहिलं की तोच जुना शिक्का चालू असतो. गोल शिक्क्यात नाव, कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक वाचता येतोय का, ते तिथेच उभं राहून बघा. आणि मूळ कागद न मागता शिक्का मारणारा नोटरी दिसला तर उठून या.

बारा_बलुतं
तलाठ्याचं इतकं सरळ नाही हां. माझ्या वारस नोंदीला स्वयंघोषणापत्र घेतलं नाही, शपथपत्रच मागितलं. शेजारच्या सजात भावाने स्वयंघोषणापत्रावर काम केलं. एकच तालुका. कारकून काका, तुमचंच खातं आहे, सांगा.

अव्वल कारकून
स्वयंघोषणापत्र चालायला हवं होतं असं मला वाटतं. पण बहिणींच्या हक्काचा वाद असेल तर मंडळ अधिकारी शपथेवर मागतो, आणि मी त्या खुर्चीत असतो तर मीही मागितलं असतं. तुमच्याकडे वाद होता का?

बारा_बलुतं
वाद नाही. एक बहीण सही करायला आली नव्हती, एवढंच.

अव्वल कारकून
मग ते "एवढंच" नाही.

फोलिओवाली, तुमचं परिपत्रक मी आज वाचलं. मी जुनंच धरून बसलो होतो. नॉमिनीच्या बाबतीत माझं चुकलं, वरचं वाक्य कोणी वापरू नका.

मुळामुठा
आज बँकेत जाऊन आलो. काकांचा अंदाज बरोबर होता, त्यांना मूळ दाखला बघायचा होता, दहा मिनिटांत शिक्का मारून प्रत ठेवून घेतली. त्या दिवशी मी ऐकूनच घेतलं नाही, जीआर काढला आणि भांडलो. पण सोसायटीच्या सचिवांना विचारलं की प्रत हवी की नोटरीसमोर सही, तर म्हणाले "नोटरी म्हणजे नोटरी". फॉर्म दाखवा म्हटलं तर फॉर्म नाही.

अव्वल कारकून
त्यांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. कोणता मजकूर, कोणाची सही, कशासाठी, हे तिन्ही त्यांनी लिहून द्यावं. मृत्यूच्या दाखल्याला नोटरी मागत असतील तर मूळ दाखला कमिटीसमोर ठेवा, त्यांनीच बघून सही करावी. हमीपत्र मागत असतील तर ते तुम्हाला नोटरीसमोर करावं लागेल, त्यात वाद घालू नका.

कृष्णाकाठ
आणि सचिवाने लिहून दिलंच नाही तर?

मुळामुठा
रविवारी सर्वसाधारण सभा आहे. पत्र तिथेच देतो.