घोस्ट रीप्लेचा प्रस्ताव लीडला पाठवतोय: गाडीची जागा नोंदवायची की खेळाडूची बटणं?

कच्चा ट्रॅक

लीडला पाठवायच्या ईमेलचा मसुदा खाली देतोय. गेम युनिटीत आहे, फिजिक्स ५० हर्ट्झवर चालतं. लीड यात कुठे बोट ठेवेल? व्याप्ती जास्त झालीय की धोके कमी लिहिलेत?

> विषय: टाइम ट्रायलसाठी घोस्ट रीप्ले
>
> नमस्कार मॅडम,
>
> टाइम ट्रायलमध्ये खेळाडूला स्वतःच्या सर्वोत्तम फेरीच्या घोस्टशी शर्यत लावता यावी, असा प्रस्ताव आहे. सेकंदाला १० वेळा गाडीची जागा आणि दिशा नोंदवू आणि पुढच्या फेरीत अर्धपारदर्शक गाडी त्याच वाटेने चालवू. एका नोंदीला २८ बाइट धरले तर ९० सेकंदांच्या फेरीला साधारण २५ केबी लागतील.
>
> व्याप्ती: स्वतःचा घोस्ट, मित्राचा घोस्ट, लीडरबोर्डवरच्या पहिल्या दहांचे घोस्ट.
>
> वेळ: एक प्रोग्रामर, ५ दिवस.
>
> धोके: फाइलचा आकार, आणि घोस्ट पडद्यावर असताना फ्रेमदर घसरणे. बाकी खेळावर परिणाम नाही.

तिसरा गियर

मुळातच चुकीची पद्धत निवडलीस. गाडीची जागा कशाला नोंदवतोस? स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक नोंदव आणि तीच इनपुट दुसऱ्या गाडीला दे. फिजिक्स ठरावीक टिकवर चालतंय, म्हणजे तीच इनपुट दिली की तीच फेरी मिळणार. फाइल अगदी छोटी होते, शिवाय कोणी खोटा घोस्ट चढवला तर सर्व्हरवर तीच इनपुट चालवून तपासता येतं. ट्रॅकमेनियातही रीप्ले खरा आहे की नाही ते असंच इनपुटवरून तपासतात.

टिकमोजणी

ट्रॅकमेनियाचं फिजिक्स पहिल्यापासून त्यासाठीच लिहिलेलं आहे: १० मिलिसेकंदांची टिक, तीच इनपुट, तोच निकाल. आपल्यापुढचा गेम युनिटीच्या अंगच्या फिजिक्सवर, म्हणजे फिजएक्सवर उभा आहे. एकाच मशीनवर, एकाच बिल्डमध्ये, वस्तू त्याच क्रमाने दृश्यात आल्या तर निकाल तोच येतो, इथपर्यंत तुझं बरोबर आहे. पण फोनवर नोंदवलेली फेरी पीसीवर चालवली की दशांशाच्या शेवटच्या घरात फरक पडतो. पहिल्या वळणावर तो डोळ्यांना दिसत नाही, विसाव्या वळणावर घोस्ट भिंतीत असतो.

आणखी एक मेख आहे. खेळाडूच्या गाडीशेजारी घोस्टची दुसरी गाडी त्याच दृश्यात आणली की, दोघी एकमेकींना शिवत नसल्या तरी, आकडेमोडीचा क्रम बदलू शकतो. त्यासाठी फिजिक्सच्या सेटिंगमध्ये `Enable Enhanced Determinism` आहे. ते एवढीच अडचण सोडवतं. वेगळं हार्डवेअर किंवा नवा बिल्ड यांच्यापुढे त्याचा उपयोग नाही.

आता आकार. स्टिअरिंगला एक बाइट, अ‍ॅक्सिलरेटर-ब्रेक मिळून एक. इनपुट प्रत्येक टिकला नोंदवावी लागतात, कारण एक जरी चुकली तरी पुढची फेरी वेगळी. म्हणजे ९० × ५० × २ = ९,००० बाइट. जागेची नोंद नीट बांधली तर सेकंदाला १० नोंदी, प्रत्येकी १२ बाइट, एकूण १०,८००. या फरकासाठी दुसऱ्या गाडीचे टायर आणि सस्पेन्शन प्रत्येक टिकला मोजत बसायचं?

तिसरा गियर

तू कॉम्प्रेस न केलेली इनपुट मोजलीस. एकच मूल्य सलग किती टिक टिकलं एवढंच लिहिलं तर आकार बराच खाली येतो. सरळ रस्त्यावर काहीच बदलत नाही.

टिकमोजणी

बटणांवर खेळणाऱ्याचं येईल. अ‍ॅनालॉग स्टिकवर सरळ रस्त्यातही अंगठा हलत असतो, तिथे फारसा फायदा नाही. तरी आकाराचा मुद्दा तुझा, घे. माझी खरी अडचण वेगळी आहे: पुढच्या पॅचमध्ये डिझायनरने टायरची पकड १.०० वरून १.०२ केली की इनपुटवरचा प्रत्येक जुना घोस्ट पहिल्या जोरदार वळणावरच रस्ता सोडणार. जागा नोंदवलेली असेल तर तो निदान आपली जुनी वाट धरून चालतो.

कच्चा ट्रॅक

१२ बाइट कसे? माझे २८ होते. जागेला तीन फ्लोट, क्वाटर्नियनला चार.

टिकमोजणी

ट्रॅक दोन किलोमीटरच्या चौकोनात बसत असेल तर आडव्या दोन अक्षांना प्रत्येकी १६ बिट दे. २००० मीटर भागिले ६५,५३६, म्हणजे तीन सेंटिमीटरची पायरी, आडव्यात कोणाला दिसणार नाही. उंचीला मात्र हीच पट्टी लावू नकोस, चाकं रस्त्यावर तरंगताना लगेच कळतात. उंचीची पट्टी २०० मीटरची ठेव, पायरी तीन मिलिमीटरवर येते. झाले ६ बाइट. दिशेसाठी क्वाटर्नियनचा सर्वात मोठा घटक गाळायचा, उरलेल्या तिघांना १०-१० बिट आणि कोणता गाळला ते सांगायला २: एकूण ४. राहिले दोन बाइट, त्यात स्टिअरिंगचा कोन आणि खुणा. वेळ वेगळी लिहायची गरज नाही, नोंदी समान अंतराने आहेत. फक्त शेवटची नोंद रेषेवर पडेल तेव्हाची, तिची वेळ हेडरमध्ये.

रीप्ले बटण

सेकंदाला १० म्हणजे गाडी झटके खात चालेल ना? निदान ६० हवेत. कॅमेरा ट्रॅकच्या कडेला लावला की चाकं आणि धूर सगळं नीट दिसायला पाहिजे.

टिकमोजणी

तुम्ही म्हणताय तो शर्यतीनंतर बघायचा रीप्ले. ते वेगळं काम आहे आणि या ईमेलमध्ये ते शिरलं तर प्रस्ताव तिथेच पडेल. घोस्ट बहुतेक वेळ २०-३० मीटर पुढे किंवा मागे असतो. दोन नोंदींमध्ये सरळ रेष ओढली तर वळणावर चूक किती? त्वरण गुणिले नोंदींमधल्या वेळेचा वर्ग, भागिले आठ. ताशी २१६ किलोमीटर वेगाने २०० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर आडवं त्वरण १८ येतं, १८ × ०.०१ ÷ ८ म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर. चाकांचं फिरणं वेगावरून काढता येतं.

झटका खरा बसतो तो भिंतीला आपटल्यावर. आडवा वेग एका क्षणात १० मीटर प्रति सेकंदाने बदलला आणि तो क्षण दोन नोंदींच्या मधोमध पडला, तर घोस्ट भिंतीपासून २५ सेंटिमीटर अलीकडेच वळतो, जणू काही न आपटताच. म्हणून धडक झाली की त्या टिकची जादा नोंद घ्यायची आणि तिला वेळही जोडायची. सरसकट ६० करण्यापेक्षा हे स्वस्त.

चेकपॉइंट चुकला

टेस्टिंगच्या बाजूने सांगते. ईमेलमधलं "बाकी खेळावर परिणाम नाही" हे वाक्य आधी काढा. घोस्टला कोलायडर राहिला आणि त्याने चेकपॉइंटचा ट्रिगर उडवला, की खेळाडूची फेरी आपोआप पुढे सरकते. हा बग हमखास येतो.

दुसरं, रीस्पॉन. गाडी दरीत पडून ट्रॅकवर परत ठेवली जाते, तेव्हा दोन नोंदींमध्ये रेष ओढली तर घोस्ट डोंगरातून उडत येतो. त्या नोंदीवर खूण हवी: इथे रेष ओढू नका, थेट उडी मारा.

तिसरं, पॉज. घोस्ट घड्याळाच्या वेळेवर चालवला तर खेळाडू पॉजमध्ये असतानाही तो पळत राहतो. शर्यतीच्या वेळेवरच चालवा.

आणि सर्वात जास्त तक्रारी येतात त्या "मी जिंकलो तरी घोस्ट पुढे होता" या. याबद्दल ईमेलमध्ये अवाक्षर नाही.

कच्चा ट्रॅक

ते कशामुळे होतं? नोंद तर वेळेनुसारच आहे.

टिकमोजणी

घोस्टची वेळ १:३२.४८०, खेळाडूची १:३२.४७०. ताशी २१६ च्या वेगाने खेळाडू ६० सेंटिमीटर पुढे असायला हवा. पण घोस्ट एक टिक आधी सुटला तर तो ०.०२ सेकंद, म्हणजे १२० सेंटिमीटर पुढे सरकतो. पडद्यावर घोस्ट ६० सेंटिमीटरने जिंकतो आणि स्कोअरबोर्ड उलटं सांगतो. धावत्या सुरुवातीच्या फेरीत हे जास्त होतं, कारण गाडी सुरुवातीची रेष टिकच्या मध्येच कुठेतरी ओलांडते. नोंद आणि वेळ दोन्ही त्या नेमक्या क्षणापासून मोजायला हवेत:

```
f = d0 / (d0 - d1)
tCross = t0 + f * dt
```

`d0` आणि `d1` म्हणजे टिकच्या आधी आणि नंतर रेषेपासूनचं अंतर, रेषेच्या अलीकडे उणे. -०.९ आणि ०.३ मीटर असतील तर `f` ०.७५, म्हणजे रेष टिक सुरू झाल्यावर १५ मिलिसेकंदांनी ओलांडली. शेवटच्या रेषेलाही हेच गणित.

अर्धा लॅप

आमच्या गेममध्ये रिवाइंड आहे, तीन सेकंद मागे जाता येतं. मग नोंदीचं काय करायचं? आमचा घोस्ट मध्येच मागे धावतो.

चेकपॉइंट चुकला

मागे गेल्यावर त्या वेळेनंतरच्या सगळ्या नोंदी कापून टाका, तीन सेकंदांच्या साधारण तीस. मात्र रिवाइंड वापरलेली फेरी "सर्वोत्तम" धरायची का, हे डिझायनरला आधी विचारा.

तिसरा गियर

ठीक, स्वतःच्या घोस्टला जागा नोंदवा. पण पहिल्या दहांचे घोस्ट? हेक्स एडिटर घेऊन बसणारा कोणीही १०,८०० बाइटमध्ये जगातली सर्वात वेगवान फेरी लिहील. सर्व्हर काय तपासणार?

टिकमोजणी

चेकपॉइंटचा क्रम, दोन नोंदींमधला कमाल वेग, त्वरण आणि ट्रॅकची हद्द. ढोबळ फसवणूक पकडली जाते, हुशार फसवणूक नाही. या बाबतीत तुझं म्हणणं मला खोडता येत नाही. म्हणूनच लीडरबोर्ड पहिल्या टप्प्यातून काढा. मित्राचा घोस्टही काढा, त्याला सर्व्हर लागतो.

चेकपॉइंट चुकला

पाच दिवस फक्त नोंद आणि चालवणं एवढ्याला पुरतील. अर्धपारदर्शक गाडीतून आतल्या सीट आणि पलीकडची चाकं दिसतात, त्यासाठी आधी डेप्थचा एक पास किंवा जाळीदार डिथर लागतो. घोस्ट कॅमेऱ्याच्या चार-पाच मीटरच्या आत आला की विरत जायला हवा, नाहीतर बोनेटच्या कॅमेऱ्यातून रस्ताच दिसत नाही. टेस्टिंग धरून दहा दिवस मागा.

कच्चा ट्रॅक

व्याप्ती आणि धोके असे बदलतोय:

> व्याप्ती: फक्त स्वतःचा सर्वोत्तम घोस्ट, याच डिव्हाइसवर, प्रत्येक ट्रॅक आणि गाडीला एक. मित्रांचे आणि लीडरबोर्डचे घोस्ट या टप्प्यात नाहीत.
>
> वेळ: १० दिवस, त्यातले ३ टेस्टिंगचे.
>
> धोके: (१) रेषेवरची वेळ टिकच्या आत मोजली नाही तर घोस्ट आणि स्कोअरबोर्ड जुळणार नाहीत. (२) घोस्टचा ट्रिगर किंवा कोलायडर चालू राहिला तर फेऱ्या चुकीच्या मोजल्या जातील. (३) ट्रॅक किंवा फिजिक्स बदलल्यावर जुने घोस्ट; म्हणून हेडरमध्ये फॉरमॅट, ट्रॅक आणि फिजिक्स यांच्या आवृत्त्या.

तिसऱ्यात आवृत्ती जुळली नाही तर घोस्ट पुसायचा, असं लिहू?

टिकमोजणी

पुसू नका. ट्रॅक बदलला असेल तर लपवा. फक्त फिजिक्स बदललं असेल तर "जुनी आवृत्ती" असं लिहून दाखवा.

चेकपॉइंट चुकला

मला हे पटत नाही. पकड कमी झाली असेल तर त्या घोस्टला हरवणंच अशक्य होईल, आणि तिकीट माझ्याकडे येईल. पुसा.

तिसरा गियर

इनपुट नोंदवली असती तर तो आपणहून भिंतीत गेला असता, पुसायची गरजच नव्हती.